वेबिनारचं चॅट आणि वक्त्याची ट्रान्सक्रिप्ट एकत्र करून सारांश: एका हंगामाच्या वापरानंतर

झूमची चॅट फाइल कुठे मिळते, व्हीटीटी ट्रान्सक्रिप्ट कशी उतरवायची हे वाचणाऱ्यांना माहीत असेल असं धरून चालतो. हा अनुभव त्यापुढचा आहे: दोन्ही फायली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये वेळेनुसार एकाखाली एक लावायच्या आणि त्यातून असा सारांश काढायचा, ज्यात वक्त्याने शिकवलेलं वेगळं आणि श्रोत्यांनी विचारलेलं वेगळं दिसेल. खर्च शून्य. आधी हेच काम महिन्याचे पैसे घेणाऱ्या एका तयार सेवेकडे होतं. ती सोडण्याचं कारण एकच ओळ.

वेबिनार सोयाबीनच्या घरच्या बियाण्यावर होतं. सारांशात छापून आलं की जिवाणू संवर्धक आधी लावून नंतर बुरशीनाशक लावलं तरी चालतं. वक्त्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि रायझोबियम हे जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी, सावलीत सुकवून लगेच पेरणी. क्रम उलटा झाला तर बुरशीनाशकाचा थर थेट जिवाणूंवर बसतो आणि संवर्धकाचे पैसे पाण्यात जातात. सेवेच्या मदत केंद्राचं उत्तर आलं की चॅटमधली वेळ चॅटच्या फाइलमधूनच घेतली जाते. बरोबरच आहे, पण घोळ तिथेच होता.

हाताने जोडल्यावर तो असा सापडला. स्वतःच्या संगणकावर जतन केलेल्या चॅटमध्ये घड्याळातली वेळ असते, ट्रान्सक्रिप्टमध्ये रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासूनची. रेकॉर्डिंग 19:02:10 ला सुरू झालं, म्हणून चॅटच्या प्रत्येक वेळेतून तेवढं वजा केलं की काम झालं असं वाटतं. पण 19:40:00 ला मध्यंतरासाठी रेकॉर्डिंग पॉज केलं आणि 19:44:30 ला पुन्हा चालू केलं. चॅटचं घड्याळ ती साडेचार मिनिटं चालत राहिलं, ट्रान्सक्रिप्टचं थांबलं. त्यामुळे मध्यंतरानंतर 19:02:10 नव्हे, 19:06:40 वजा करायला हवं.

आता तो प्रश्न बघा. 19:52:15 ला एकाने लिहिलं, "रायझोबियम आधी आणि बुरशीनाशक नंतर लावलं तर चालेल का". योग्य वजाबाकीने हा 00:45:35 ला येतो, आणि 00:46:20 ला वक्ते म्हणतात, "नाही नाही, उलटं करू नका." चुकीच्या वजाबाकीने तोच प्रश्न 00:50:05 ला जाऊन बसतो. पस्तीस सेकंदांनी वक्ते म्हणतात, "हो, चालेल, काही अडचण नाही." हे उत्तर खरं तर 19:56:50 च्या दुसऱ्याच प्रश्नाचं होतं: उगवण तपासायला टॉवेल पेपरऐवजी गोणपाट चालेल का. वक्त्यांनी प्रश्न परत वाचला नाही, नुसतं "चालेल" म्हटलं.

म्हणून या सगळ्या पद्धतीत माझं सर्वाधिक लक्ष एका रकान्यावर असतं, वजा करायच्या वेळेवर. सारांशाची भाषा, मांडणी, लांबी हे सगळं नंतर सुधारता येतं. ही वेळ चुकली तर चूक दिसतसुद्धा नाही, कारण वाक्यं सगळी खरीच असतात, फक्त भलत्या जोडीने उभी असतात.

सूत्र साधं आहे. A रकान्यात चॅटची घड्याळातली वेळ, F1 मध्ये सुरुवातीची वेळ, F2 मध्ये पॉज संपल्याची घड्याळातली वेळ, F3 मध्ये पॉजनंतर वजा करायची वेळ:

```
=A2-IF(A2<$F$2,$F$1,$F$3)
```

पॉज दोनदा झाला असेल तर आणखी एक IF. पॉजऐवजी रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलं असेल तर दुसरी फाइलच होते आणि तिचं घड्याळ शून्यापासून चालतं, ते उलट सोपं पडतं. क्लाउड रेकॉर्डिंगसोबत येणाऱ्या चॅटमध्ये वेळ आधीच रेकॉर्डिंगच्या हिशेबाने असते. तिथे वजाबाकी नको, पण तपासणी हवीच.

पॉज कधी झाला हे कुणी लिहून ठेवत नाही. ते शोधायला मराठी वेबिनारची एक सवय कामाला येते. प्रत्येक वक्ता सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर विचारतोच, "आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?" लगेच चॅटमध्ये "हो", "येतोय", "yes sir" अशी रांग लागते. ट्रान्सक्रिप्टमधला तो प्रश्न आणि चॅटमधलं पहिलं "हो" यांत चार-पाच सेकंदांचं अंतर धरायचं. मध्यंतराच्या आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन जागा जुळवल्या की फरक उघडा पडतो. शेवटच्या "धन्यवाद सर" वर मात्र विसंबू नका, काही जण दहा मिनिटं आधीपासून धन्यवाद देत असतात.

दुसरी खूण याहून पक्की आहे. प्रश्नाच्या आधी उत्तर येऊ शकत नाही. जोडलेल्या यादीत दोन-तीन ठिकाणी उत्तर वर आणि त्याचा प्रश्न खाली दिसला, तर वजाबाकी चुकली आहे असं समजा. वरच्या उदाहरणात हेच झालं होतं: "उलटं करू नका" 00:46:20 ला आणि ज्याला ते म्हटलं तो प्रश्न 00:50:05 ला. प्रक्षेपण यूट्यूबवरून असेल तर श्रोत्यापर्यंत चित्र उशिरा पोहोचतं, त्यामुळे त्याची प्रतिक्रियाही तेवढीच मागे पडते. तिथे ही खूण आणखी सांभाळून वापरावी लागते.

आता प्रश्न वेगळे काढण्याबद्दल. प्रश्नचिन्हावर गाळणी लावली तर निम्मे प्रश्न हातचे जातात. आपल्याकडे चॅटमध्ये प्रश्नचिन्ह फार थोडे लोक देतात. "का", "किती", "कधी", "कोणतं" आणि रोमनमधलं "kiti", "chalel ka" शोधलं तर बरेच सापडतात, पण "सोयाबीन पिवळं पडतंय, मार्गदर्शन करावे" हा प्रश्न कुठल्याच गाळणीत अडकत नाही. दुसऱ्या बाजूला वक्ते दर पाच मिनिटांनी "मग अशा वेळी आपण काय करायचं?" म्हणतात आणि उत्तरही तेच देतात. तो प्रश्न नाही, शिकवण्याची लकब आहे. त्यामुळे चिन्हावरून नव्हे, ओळ कुणाची आहे यावरून पहिला भाग पाडायचा आणि मग हाताने खूण करायची. दोनशेच्या आसपास संदेश असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे.

खुणा चार ठेवल्या: शिकवण, प्रश्न, उत्तर, श्रोत्याची माहिती. उत्तर आणि शिकवण वेगळी ठेवणं नडतं असं वाटेल, पण उत्तर एका शेतकऱ्याच्या जमिनीला धरून दिलेलं असतं. भारी काळ्या जमिनीसाठी सांगितलेली गोष्ट सरसकट शिकवण म्हणून छापली तर हलक्या रानात ती फसते. उत्तरासोबत त्याचा प्रश्न नेहमी ठेवायचा, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

चौथ्या खुणेबद्दल मत मधेच बदललं. सुरुवातीला एका श्रोत्याने दुसऱ्याला दिलेली उत्तरं सरळ गाळायची असं ठरवलं होतं, कारण "हो चालतं, आम्ही दरवर्षी करतो" ही ओळ सारांशात शिरली की ती वक्त्याच्या तोंडी जाते. मग लक्षात आलं की वक्तेच अधूनमधून म्हणतात, "आत्ता चॅटमध्ये जे लिहिलंय ते अगदी बरोबर आहे." ट्रान्सक्रिप्टमध्ये तेवढंच वाक्य उरतं, बरोबर काय आहे ते चॅटमध्ये. गाळलं तर शिकवणच गेली. आता श्रोत्याची माहिती वेगळ्या भागात राहते, आणि वक्त्याने दुजोरा दिलेली ओळ तिथून उचलून शिकवणीत जाते, "श्रोत्याने लिहिलं, वक्त्यांनी मान्य केलं" अशा शब्दांत.

फाइल उघडताना अक्षरसंच UTF-8 निवडा, नाहीतर देवनागरीची भुतं होतात. एकाहून जास्त ओळींच्या संदेशात पुढच्या ओळींना वेळ नसते. वेळेचा रकाना रिकामा असलेली ओळ वरच्या ओळीला जोडा, मगच क्रम लावा. नाहीतर औषधाच्या मात्रा यादीच्या तळाशी जाऊन पडतात. `Reacted to` आणि `Replying to` ने सुरू होणाऱ्या ओळींत जुना मजकूर परत येतो. पहिल्या प्रकारच्या काढून टाका. दुसऱ्या ठेवा, कारण त्या कुठल्या प्रश्नाला उत्तर आहेत हे स्वतःच सांगतात. यजमानाच्या संगणकावरच्या चॅटमध्ये त्याला आलेले खासगी संदेशही असतात आणि लोक चॅटमध्ये फोन नंबर सर्रास टाकतात. सारांश गटात टाकण्याआधी दोन्ही साफ करायचे, नावंही.

ट्रान्सक्रिप्टमधल्या आकड्यांवर अजिबात भरवसा नाही. "दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम संवर्धक" हे "अडीच ग्रॅम" म्हणूनही उतरतं. दीड, अडीच, साडे, पाऊण असलेली प्रत्येक ओळ रेकॉर्डिंगवर परत ऐकूनच घ्यायची. यासाठी वेळेचा रकाना शेवटपर्यंत ठेवायचा, सारांशातही.

छापायला जाणारा भाग असा दिसतो:

शिकवण (00:18:40): पेरणीआधी 100 दाण्यांची उगवण तपासा. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरेल.

प्रश्न (00:50:10, तिघांनी विचारला): टॉवेल पेपरऐवजी गोणपाट चालेल का? उत्तर (00:50:40): चालेल.

प्रश्न (01:04:20): मागच्या वर्षीचं उरलेलं संवर्धक वापरावं का? उत्तर मिळालं नाही.

शेवटची ओळ मोहात पाडते. उत्तर माहीत असतं आणि लिहून टाकावंसं वाटतं. टाकू नये, यादी वक्त्यांकडे पाठवावी, त्यांनी दिलेलं उत्तर "नंतर लेखी" असं लिहून जोडावं. प्रश्नोत्तरांची वेगळी खिडकी वापरली असेल तर ते प्रश्न चॅटमध्ये नसतातच. त्यांचा अहवाल पोर्टलवरून स्वतंत्र उतरवावा लागतो, आणि हे बहुतेकांना सारांश पाठवून झाल्यावर आठवतं.

दीड तासाच्या वेबिनारला सगळं मिळून दोन तास लागतात, त्यातला बराचसा आकडे परत ऐकण्यात. दोन वक्ते एकाच माइकवर बसले तर ट्रान्सक्रिप्ट दोघांना एकच नाव देते आणि मग कुणी काय शिकवलं ते आवाजावरून ओळखावं लागतं. यावर या पद्धतीत काही उपाय नाही, आयोजकांना आधीच दोन वेगळे लॉगिन करायला सांगणं सोडून.