चॅलेंज नंबर ९ सांगून माझे २१ हजार घेतले, तुमच्याबाबतीत होऊ देऊ नका

मागच्या वर्षी धंदा बसला होता, त्यात मैत्रिणीने एका अंकशास्त्रवाल्याचा नंबर दिला. माझी जन्मतारीख १४ ऑगस्ट १९८७. तो म्हणाला, ताई ३४व्या वर्षी तुमचं आयुष्य बदललं ना? आणि खरंच २०२१ ला माझी नोकरी गेली होती, मी तिथेच गार पडले. मग म्हणाला आता तुमचा चॅलेंज, म्हणजे या टप्प्यातली अडचण दाखवणारा आकडा, ९ चालू आहे, ४३ पर्यंत काही खरं नाही, नावात एक जास्तीचा ए घातला आणि पूजा केली की तो उतरतो. यूपीआयवर २१ हजार दिले.

तीन महिने काहीच फरक नाही, म्हणून शेवटी गणित स्वतः करून बघितलं. आधी दिवस, महिना, वर्ष यांचा एकेक अंक करायचा. १४ चे ५, ऑगस्टचे ८, १९८७ ची बेरीज २५ म्हणजे ७. तिन्ही मिळून २०, म्हणजे लाइफ पाथ २. आयुष्याचे चार टप्पे धरतात: पहिला ३६ वजा लाइफ पाथ, म्हणजे माझा ३४ पर्यंत, पुढचे दोन नऊ-नऊ वर्षांचे, ४३ आणि ५२ पर्यंत, आणि चौथा शेवटपर्यंत. प्रत्येक टप्प्याला एक पिनॅकल, म्हणजे संधीचा आकडा, आणि एक चॅलेंज असतो. पिनॅकल बेरजेने काढतात: महिना अधिक दिवस १३ म्हणजे ४, दिवस अधिक वर्ष १२ म्हणजे ३, या दोघांची बेरीज ७, आणि महिना अधिक वर्ष १५ म्हणजे ६. चॅलेंजला त्याच जोड्या घेऊन मोठ्यातून लहान वजा करायचा. ८ आणि ५ चे ३, ७ आणि ५ चे २, त्या ३ आणि २ मधला फरक १, आणि ८ आणि ७ चा पण १.

मी आता दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे माझा चालू चॅलेंज २ आहे हो! आणि ९ तर कुणाचाच येऊ शकत नाही, कारण १ ते ९ मधल्या दोन अंकांत जास्तीत जास्त फरक ८ चाच पडतो. मावसभावाला त्याच माणसाने पाठवलेली पीडीएफ मागवली, त्यातही ९ च. आणि या सगळ्या गणितात नाव येतंच कुठे? फक्त जन्मतारीख लागते, मग स्पेलिंग बदलून आकडा बदलेल कसा, हे तेव्हा मला सुचलंच नाही.

राहिला ३४ चा प्रश्न. लाइफ पाथ १ ते ९ धरला तर पहिला टप्पा कुणाचाही २७ ते ३५ च्या मध्येच संपतो, आणि या वयात लग्न, मूल, नोकरी, घर, काही ना काही बदलतंच, त्यामुळे त्याचं वाक्य प्रत्येकाला लागू पडतं. आणि या आकड्यांवरून पुढचं कळतं याला पुरावा काही नाहीच, ते वेगळं.

त्याला ही वजाबाकी पाठवून विचारलं तर लगेच ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पैसे अजून आले नाहीत. तुम्हाला कुणी चॅलेंज ९ सांगितला असेल तर पैसे देऊ नका, दिले असतील तर पीडीएफ आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, तक्रारीत तेच मागतात.