गिझरच्या टाकीतला रॉड बदलताना : मॅग्नेशियम घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

गिझर सर्व्हिसिंगला उघडला की मेकॅनिक एक खाल्लेली, खडबडीत सळी हातात देतो आणि म्हणतो, "हा रॉड संपलाय, नवीन टाकावा लागेल." दुकानात गेलं की दोन प्रकार समोर येतात. एक हलका, मॅग्नेशियमचा. दुसरा थोडा जड, ॲल्युमिनियम मिश्रधातूचा. दिसायला दोन्ही राखाडी. मेकॅनिककडे जो शिल्लक असेल तो बसतो. पण बेळगावच्या नळाच्या पाण्याला जो चालतो तोच अथणीच्या बोअरच्या पाण्याला चालेल असं नाही.

आधी हा रॉड नेमकं काय वाचवतो ते पाहू. बहुतेक साठवणीच्या गिझरची टाकी लोखंडी पत्र्याची असते आणि आतून काचेसारख्या इनॅमलचा लेप असतो. हा लेप कधीच शंभर टक्के अखंड नसतो. वेल्डिंगच्या शिवणीजवळ, पाइप टाकीत शिरतो तिथे आणि खालच्या फ्लँजच्या, म्हणजे एलिमेंट बसवलेल्या चकतीच्या, कडेला सुईच्या टोकाएवढं लोखंड उघडं राहतं. गरम पाणी आणि प्राणवायू तिथेच काम करतात. पाण्यात बुडालेला मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचा रॉड टाकीला धातूने जोडलेला असला, की गंजण्याचं काम त्या उघड्या लोखंडाऐवजी रॉडवर ओढलं जातं. रॉड झिजतो, टाकी राहते. वीज बंद असतानाही हे चालूच असतं, फक्त टाकीत पाणी हवं.

क्षारांचा थर हा वेगळा विषय. रॉड बसवला म्हणून एलिमेंटवर पांढरा थर चढायचा थांबत नाही, नळ आणि पाइपही त्याच्या रक्षणात येत नाहीत. "रॉड नवीन टाकला तरी एलिमेंट जळालं" ही तक्रार बहुतेक वेळा या गैरसमजातून येते.

दोन्ही रॉडांत फरक पडतो तो ओढीत. मॅग्नेशियम आणि लोखंड यांच्यातला विद्युत फरक मोठा. संरक्षणासाठी वापरता येईल असा जोर साधारण ०.७ व्होल्टचा. ॲल्युमिनियम मिश्रधातूत तो साधारण ०.२ व्होल्टवर येतो. पाण्यात क्षार कमी असतील तर पाणी वीज नीट वाहू देत नाही, आणि मग ॲल्युमिनियमचा थोडका जोर टाकीच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. क्षार भरपूर असतील तर वीज सहज वाहते. तिथे ॲल्युमिनियम पुरेसं काम करतं आणि मॅग्नेशियम मात्र गरजेपेक्षा जास्त वेगाने संपतं.

खानापूर, कणकुंबी, जांबोटी या पश्चिम पट्ट्यात पाऊस धो धो, जमीन जांभ्याची आणि पाणी एकंदरीत हलकं. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी येतं, तेही बोअरच्या तुलनेत सौम्यच. इथे मॅग्नेशियम घ्यावा, यात फारसा वाद नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडे काळ्या मातीतल्या बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत मात्र आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्यावा. आरओ फिल्टर विकणाऱ्यांकडे मीटर असतो, मिनिटभराचं काम. लिटरमागे साधारण पाचशे मिलिग्रॅमच्या आत असेल तर मॅग्नेशियम. हजाराच्या वर असेल तर ॲल्युमिनियम मिश्रधातू परवडतो, नाहीतर मॅग्नेशियम दरवर्षी बदलायची तयारी ठेवावी. मधल्या पट्टीत आमचा कल मॅग्नेशियमकडेच. जास्त झिजला तर तो निदान दिसतो, कमी संरक्षण झालेलं टाकी फुटेपर्यंत दिसत नाही.

आकड्यांत पाहू. समजा २५ लिटरचा गिझर आहे आणि रॉड २१ मिलिमीटर जाड, २३ सेंटिमीटर लांब. मॅग्नेशियमचा असा रॉड साधारण १४० ग्रॅमचा. एक किलो मॅग्नेशियममधून कागदावर २२०० अँपिअर-तास मिळतात, पण त्यातलं जवळपास निम्मं धातू पाण्यात स्वतःच विरघळण्यात जातं. हाती राहतात किलोमागे ११००, म्हणजे या रॉडमागे दीडशे अँपिअर-तास. हलक्या पाण्यात आणि चांगल्या लेपाच्या टाकीत ५ मिलिअँपिअर वाहत असेल तर ३० हजार तास, म्हणजे सव्वातीन-साडेतीन वर्षं. बोअरच्या पाण्यात तोच प्रवाह १० मिलिअँपिअर झाला की पावणेदोन वर्षांत खेळ खलास. शिवाय रॉड पूर्ण संपेपर्यंत थांबायचं नसतं. दोन तृतीयांश गेला की बदलायचा. म्हणून व्यवहारात पहिल्या घरासाठी सव्वादोन वर्षं आणि दुसऱ्यासाठी वर्ष-सव्वा वर्ष धरावं. त्याच मापाचा ॲल्युमिनियम रॉड सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याचीही निम्मी क्षमता वाया गेली असं धरलं तरी ३०० अँपिअर-तासांच्या वर मिळतात, म्हणजे दुप्पट. त्याचं आयुष्य जास्त असतं ते यामुळे, आणि प्रवाह कमी सोडतो म्हणूनही.

ॲल्युमिनियमचा एक त्रास आहे. तो झिजताना पांढरट, जेलीसारखा गाळ तयार होतो. तो टाकीच्या तळाशी बसतो, कधी नळाच्या जाळीत येऊन अडकतो. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून धुतली नाही तर शॉवरची भोकं बुजतात. आणि गॅस वाचवायला गिझरचं पाणी चहाला किंवा भाताला घ्यायची सवय असेल तर ती सोडावी. हा रॉड असताना तर नक्कीच.

मॅग्नेशियमचा त्रास वासाचा. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात सल्फेट आणि विशिष्ट जिवाणू असतील तर रॉडमधून निघणाऱ्या हायड्रोजनवर ते पोसतात आणि गरम पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. थंड नळाला वास नाही आणि गरम नळालाच आहे, ही खूण. यावर रॉड काढून टाकणं हा उपाय अनेकजण करतात आणि दोन-तीन वर्षांत टाकीला भोक पाडून घेतात. त्याऐवजी ॲल्युमिनियम-जस्त मिश्रधातूचा रॉड घालावा आणि टाकी एकदा ६० अंशांच्या वर तापवून, पाणी वाहू द्यावं. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्यांची गावातली घरं महिनोन् महिने बंद असतात. गणपतीला घर उघडल्यावर गरम नळातून फुसफुस करत हवा येते ती हाच साठलेला हायड्रोजन. तो पेट घेतो. त्यामुळे खिडकी उघडी ठेवून, जवळ उदबत्ती-काडीपेटी न ठेवता नळ थोडा वेळ सोडून द्यावा.

पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवलेल्या घरांनी एक लक्षात घ्यावं. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे वीज वाहण्याची क्षमता कमी होत नाही. उलट उघड्या लोखंडावर बसणारा क्षारांचा संरक्षक थर बनत नाही, आणि सगळा भार रॉडवर येतो. सॉफ्टनर लावल्यापासून सहा महिन्यांत रॉड एकदा उघडून पाहावा.

बदलायची वेळ ओळखायची कशी? काढलेला रॉड हातात धरा. मूळ जाडीच्या निम्म्याहून कमी उरला असेल, किंवा मधली लोखंडी तार १० ते १५ सेंटिमीटर उघडी पडली असेल, तर तो गेला. रॉड जाडच दिसतोय पण वरून कडक पांढरं कवच आहे, तर फसू नका. त्या कवचाखाली धातू अडकला असेल तर तो कामच करत नव्हता. सुरीने खरवडा, खाली चकचकीत धातू निघाला तर तारेच्या ब्रशने सगळं कवच काढून परत बसवता येतो. सगळ्यात सोपी पद्धत वजनाची : नवीन रॉड किराण्याच्या काट्यावर तोलून ग्रॅम आणि तारीख गिझरच्या बाजूला पेनने लिहून ठेवा. १४० ग्रॅमचा रॉड वर्षाने ९५ भरला तर ४५ ग्रॅम गेले. पुढच्या वर्षी तो पन्नाशीला येणार, म्हणजे पुढच्या वर्षी नवीन. तांबूस पाणी यायची वाट पाहू नका. फक्त गरम नळातून गंज येत असेल तर टाकी आधीच खाल्ली जातेय.

बदलताना एमसीबी पाडा, थंड पाण्याची कॉक बंद करा आणि पाणी पूर्ण निवू द्या. गरम नळ उघडा ठेवा, म्हणजे आत हवा शिरेल, आणि थंड बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून किंवा इनलेटचा पाइप सोडवून पाणी बादलीत काढा. खालचं झाकण काढल्यावर वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या, मगच थर्मोस्टॅट आणि वायरी सोडवा. फ्लँजचे नट सुटले की एलिमेंट आणि रॉड एकत्र खाली येतात. उरलेलं पाणी अंगावर येतं, तेव्हा खाली बादली हवीच. जुना रॉड दुकानात न्या, कारण आटा, लांबी आणि जाडी तिन्ही जुळायला हवीत. लांब रॉड एलिमेंटला टेकला तर दोन्ही लवकर जातात. रबर गॅस्केट दरवेळी नवीन घाला, आणि नट समोरासमोर थोडे थोडे आवळा. एका बाजूने घट्ट केले की गळती ठरलेली.

थेट फ्लँजवर बसणाऱ्या रॉडच्या आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, निदान इतकी नको की धातूला धातू लागणारच नाही. मल्टिमीटरने रॉड आणि टाकीचं अंग यांमधला रोध पाहा, तो शून्याच्या जवळ हवा. नसेल तर रॉड नुसता शोभेला लटकलेला आहे. शेवटी टाकी पूर्ण भरून, गरम नळातून हवेशिवाय सलग धार आल्यावरच वीज चालू करा. रिकाम्या टाकीत एलिमेंट काही क्षणांत जळतं.

विजेवर चालणारा, न झिजणारा टायटॅनियमचा रॉडही मिळतो. तो महाग आहे आणि वीज गेली की त्याचं काम थांबतं. बाराही महिने वापरात असलेल्या मोठ्या सोलर टाकीला तो विचारात घेण्यासारखा. २५ लिटरच्या घरगुती गिझरला तेवढा खर्च नको. स्टेनलेस स्टीलच्या काही टाक्यांत रॉड नसतोच, तेव्हा तो "हरवला" म्हणून मेकॅनिकशी भांडण्याआधी गिझरसोबत आलेलं पुस्तक पाहून घ्या. आणि पाणी टाकीच्या अंगातूनच पाझरत असेल, फ्लँजमधून नव्हे, तर रॉडवर पैसे घालू नका.