m मानायचा की पूर्ण वर्ग करायचा?

x⁴ + px² + q = 0 असं समीकरण समोर आलं की बहुतेकांचा हात आपोआप x² = m कडे जातो. त्यात चूक काही नाही. x³ आणि x ही पदं नसल्यामुळे चतुर्घाती दिसणारं हे समीकरण खरं तर m मधलं वर्गसमीकरणच असतं. पण दुसरीही एक वाट आहे आणि काही वेळा तीच बरी पडते. ती म्हणजे x⁴ आणि q ही दोन टोकं धरून पूर्ण वर्ग करायचा आणि मधलं पद पलीकडे न्यायचं. कोणती वाट धरायची हे पेन उचलण्याआधीच ठरवता येतं.

आधी x⁴ − 5x² − 36 = 0 घेऊ. x² = m मानलं की m² − 5m − 36 = 0, म्हणजे (m − 9)(m + 4) = 0. m = 9 वरून x = ±3. m = −4 वर मात्र पुष्कळ जण थांबतात, ‘वर्ग ऋण नसतो’ म्हणून ती किंमत सोडून देतात. फक्त वास्तव मुळं मागितली असतील तर ते बरोबरच. चारही मुळं हवी असतील तर x = ±2i लिहावंच लागतं. इथे दुसरी वाट निरुपयोगी आहे, कारण q ऋण आहे आणि −36 चं वर्गमूळ घेतलं की सुरुवातीलाच i येऊन बसतो.

आता x⁴ − 10x² + 1 = 0. m मानून m = 5 ± 2√6 मिळतं आणि उत्तर x = ±√(5 ± 2√6). बरोबर आहे, पण करणीच्या पोटात करणी. परीक्षेच्या पर्यायांत हे रूप नसलं की गोंधळ उडतो. त्याऐवजी टोकं धरू: x⁴ + 2x² + 1 = 12x², म्हणजे (x² + 1)² = 12x². दोन्हीकडे वर्गमूळ घेतलं की x² + 1 = ±2√3·x. ही दोन साधी वर्गसमीकरणं सोडवली की x = √3 ± √2 आणि x = −√3 ± √2. मुळं तीच आहेत, फक्त आतली करणी सुटलेली. ती सुटते कारण m च्या दोन किमतींचा गुणाकार q असतो, आणि इथे q = 1 हा पूर्ण वर्ग आहे.

x⁴ + 4 = 0 मध्ये हा फरक आणखी ठसठशीत होतो. m = ±2i आल्यावर 2i चं वर्गमूळ शोधत बसावं लागतं; उलट (x² + 2)² = 4x² लिहिलं की x² + 2 = ±2x वरून लगेच 1 ± i आणि −1 ± i.

म्हणून आधी p² − 4q बघा. तो पूर्ण वर्ग असेल तर m माना, विषय संपला. नसेल, पण q धन पूर्ण वर्ग असेल, तर दुसरी वाट धरा. दोन्ही नसतील तर पुन्हा m कडेच या: x⁴ − 4x² + 2 = 0 ची मुळं ±√(2 ± √2) अशीच राहतात, तिथे झटापट करून उपयोग नाही.

ताळा घेतानाही निवड करावी लागते. चारही मुळांची बेरीज शून्य येते का हे बघणं माझ्या मते जवळजवळ फुकट आहे. मुळं ± च्या जोड्यांत लिहिली की ती चुकीची असली तरी बेरीज शून्यच येणार! गुणाकार मात्र बोलतो, तो q यायला हवा. वरच्या पहिल्या उदाहरणात कुणी ±2i ऐवजी ±2 लिहिलं, तर ±3 आणि ±2 यांचा गुणाकार +36 येईल, हवा होता −36. वर्गांची बेरीजही बघा, ती −2p यायला हवी, म्हणजे इथे 10: 9 + 9 − 4 − 4 = 10. चुकीच्या मुळांनी ती 26 होते.

मूळ समीकरणात किंमत घालून बघायची तर प्रत्येक जोडीतलं एकच मूळ पुरतं, कारण सगळे घात सम आहेत. x = 2i घेतलं तर x² = −4 आणि x⁴ = 16, म्हणून 16 + 20 − 36 = 0. x = √3 + √2 साठी x² = 5 + 2√6 आणि x⁴ = 49 + 20√6; त्यातून 50 + 20√6 वजा केले आणि 1 मिळवला की शून्य. पण m च्या समीकरणात घालून समाधान मानू नका. तिथे −4 बरोबरच बसतो आणि x काढताना निसटलेला i तसाच निसटलेला राहतो.