डायनिंग टेबलाखाली ५ बाय ७, सोफ्यापुढे ५ बाय ८ : दिवाळी ते पावसाळा वापरून झालेला अनुभव

घोडबंदर रोडवरच्या आमच्या टू बीएचकेचा हॉल १० फूट रुंद आणि साडेअठरा फूट लांब. बाल्कनीच्या बाजूला सोफा आणि टीव्ही, किचनच्या बाजूला चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल. मागच्या दिवाळीत दोन्हीकडे गालिचे घातले, आता पावसाळाही उलटून गेला. विणीबद्दल आणि रंगाबद्दल सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते मापाबद्दल, कारण गालिचा रोज सुख देतो की त्रास, ते मापावरच ठरतं.

आधी डायनिंग. दुकानात चार खुर्च्यांच्या टेबलाला ४ बाय ६ पुरतो असं सांगितलं होतं. टेबल ४ बाय अडीच फूट, म्हणजे कागदावर पुरतोही. पण माप टेबलाचं घ्यायचंच नसतं, माणूस बसून उठताना खुर्ची जिथवर मागे जाते तिथवरचं घ्यायचं. आम्ही प्रत्येकाला जेवायला बसवलं, उठायला सांगितलं आणि टेबलाच्या कडेपासून खुर्चीच्या मागच्या पायांपर्यंत टेप धरली. सगळ्यांचं २२ ते २४ इंचांत आलं. ४ बाय ६ चा गालिचा टेबलाच्या लांबीने घातला असता, तर खुर्च्यांच्या बाजूला जेमतेम ९-९ इंच उरले असते. मग खुर्ची ओढली की मागचे पाय खाली फरशीवर, पुढचे वर गालिच्यावर. पुन्हा आत सरकताना मागचे पाय कडेला अडतात, कड दुमडते, आणि तीच दुमड घरातल्या वयस्कर माणसाच्या पायात येते. सासूबाई रोज त्याच टेबलावर जेवतात, म्हणून या बाबतीत मला तडजोड नको होती.

मार्ग निघाला तो गालिचा आडवा फिरवण्यातून. आमच्याकडे खुर्च्या फक्त टेबलाच्या दोन लांब बाजूंना आहेत, टोकांना कुणी बसत नाही. म्हणून ५ बाय ७ चा घेतला आणि त्याची ७ फुटांची बाजू टेबलाच्या रुंदीच्या दिशेने टाकली. ८४ इंचांतून टेबलाचे ३० गेले, उरलेले ५४ दोन्हीकडे वाटले की २७-२७ इंच. टोकांना ६-६ इंच, तिथे तेवढे पुष्कळ. टेबल लांब आणि गालिचा आडवा हे विचित्र दिसेल अशी शंका होती, पण खुर्च्या मांडल्या की सगळं मिळून चौकोनच दिसतं. भिंतीपासून ६ इंच सोडूनही दुसऱ्या बाजूला किचनकडे जायला अडीच फूट मोकळे राहिले.

हे सगळं विकत घेण्याआधी पाहता येतं. सिंगल बेडशीट साधारण ५ बाय साडेसात फुटांची असते. तीच हव्या मापाला दुमडून, कडा मास्किंग टेपने चिकटवून दोन-तीन जेवणं करायची. कड कुठे अडते ते पहिल्याच जेवणात कळतं.

सोफ्याचं गणित वेगळं. सोफा ७ फुटांचा, म्हणून गालिचा त्याहून दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट जास्त, म्हणजे ८ फूट, लांब बाजू सोफ्याला समांतर. सोफ्याच्या कडेपासून टीव्ही युनिटपर्यंत साडेपाच फूट आहेत. पाच फुटांतले १० इंच सोफ्याच्या पुढच्या पायांखाली सरकवले, तरी युनिटपुढे १६ इंच फरशी दिसते आणि ड्रॉवर ओढताना गालिचा मध्ये येत नाही. पुढचे पाय दाबून धरतात म्हणून हा गालिचा आजवर हललेला नाही. शेजाऱ्यांकडे ४ बाय ६ चा नुसता टीपॉयखाली आहे, सोफ्याच्या एकाही पायाला न लागणारा, आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर तो रोज थोडा सरकतो.

डायनिंगचा गालिचा मात्र सरकतो, कारण खुर्च्या सतत ओढल्या जातात. खाली रबराची जाळी घातली, प्रत्येक बाजूने इंचभर लहान, म्हणजे ती बाहेर डोकावत नाही. खुर्च्यांच्या पायांना फेल्टऐवजी गुळगुळीत प्लास्टिकच्या चकत्या लावल्या. फेल्ट विणीला धरून ठेवतं आणि खुर्ची ओढायला जोर लागतो. वीण सपाट, पॉलिप्रॉपिलीनची निवडली, वरणाचा थेंब पुसला की जातो.

पावसाळ्यात खरी अडचण पोछ्याची. मावशी कडेकडेने फरशी पुसतात, पाणी गालिच्याखाली शिरतं आणि जाळीमुळे तिथेच राहतं. जुलैत कुबट वास येऊ लागला. तेव्हापासून फरशी पुसायच्या आधी गालिचा आणि जाळी गुंडाळून ठेवतो आणि खालची फरशी पंख्याखाली पूर्ण कोरडी झाल्यावरच पसरतो. वास पुन्हा आला नाही. सोफ्याखालचा भाग पायांखाली अडकलेला असल्याने तिथे धूळ साठते, सोफा उचलायला दोघं लागतात. हा त्रास मला मान्य आहे.

सहा खुर्च्यांचं, टोकांनाही माणसं बसणारं ५ बाय ३ चं टेबल असेल, तर चारही बाजूंना दोन-दोन फूट धरून ९ बाय ७ लागतो, म्हणजे बाजारातला ८ बाय १०. दहा फुटी हॉलमध्ये तो बसवला की किचनकडे ये-जा त्याच्यावरूनच होते. तिथे मी टेबलाखाली गालिचा घालणार नाही, पैसे सोफ्यापुढच्या मोठ्या मापात घालीन. आणि झालरीचा गालिचा घेताना लेबलवरच्या मापात झालर धरली आहे का, ते दुकानातच टेपने मोजून घ्या.