छतावरचं सोलर: कोटेशन वहीत उतरवलं, आठ महिने वापरलं

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. फेब्रुवारी 2025 मध्ये छतावर 2 किलोवॅटचं सोलर सुरू झालं. पण अनुभव सांगायचा तर सुरुवात त्याआधीच्या महिन्यातल्या चार पानी कोटेशनपासून करावी लागेल. ते नीट वाचलं नसतं तर आज आमच्या स्लॅबवर 3 किलोवॅट असतं आणि डोक्यावर जास्तीचं कर्ज.

पहिल्या पानावर ठळक अक्षरात होतं, ‘3 किलोवॅट, फक्त 1,17,000 रुपयांत’. मी वहीचं एक पान घेतलं आणि तीन खाने पाडले: खिशातून एकूण किती जाणार, बचत किती सांगतात, आणि वरून काय लागू शकतं.

पहिल्या खान्यातच गोम निघाली. मूळ किंमत 1,95,000. त्यातून पीएम सूर्यघर योजनेची 78,000 सबसिडी आधीच वजा करून 1,17,000 छापले होते. जीएसटी ‘वेगळा’, हे शेवटच्या पानावर. तेव्हा सोलरच्या पूर्ण कामावर तो 13.8 टक्के पडायचा, म्हणजे 26,910 रुपये. विक्रेत्याला द्यायचे एकूण 2,21,910, सबसिडी आल्यावर पडणारे 1,43,910. सबसिडी तो कापून देत नाही. यंत्रणा बसून, येणारी आणि जाणारी वीज मोजणारं नेट मीटर लागून तपासणी झाली की ती आपल्या खात्यात येते. तोवरची सोय आपणच करायची.

त्याच पानावर आणखी एक ओळ होती: ‘पॅनल डीसीआर किंवा नॉन-डीसीआर, उपलब्धतेनुसार’. डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलचं, भारतातच जुळवलेलं पॅनल. सबसिडी त्यालाच मिळते. नॉन-डीसीआर बसलं असतं तर 78,000 गेलेच असते. मी ती ओळ खोडून ‘फक्त डीसीआर’ असं लिहून सही घेतली.

दुसरा खाना बचतीचा. त्यांचा हिशोब असा: रोज 12 युनिट, वर्षाला 4,380, युनिटला 10 रुपये, म्हणून 43,800 ची बचत आणि पावणेतीन वर्षांत पैसे वसूल. मी वर्षभराची बिलं काढून बसलो. आमचा वापर वर्षाला 2,400 युनिट, बिल साधारण 26,000. जे बिल 26,000 च आहे त्यात 43,800 वाचणार कसे? स्थिर आकार तर सोलर लावूनही भरावाच लागतो. वापरून उरलेली वीज महावितरणच्या खात्यावर पुढच्या महिन्यात जमा होते खरी, पण मार्चअखेर उरलेल्या युनिटचे पैसे अगदी कमी दराने मिळतात. म्हणजे जास्तीचं 1 किलोवॅट आम्हाला कामाचं नव्हतं.

म्हणून दुसऱ्याकडून 2 किलोवॅटचं कोटेशन मागवलं: करासकट 1,48,000, सबसिडी 60,000, पडणार 88,000. तिसऱ्या खान्यात दोन गोष्टी आल्या. आईला स्लॅबवर तूर, वड्या वाळवायच्या असतात, म्हणून सहा फूट उंच मांडणी घेतली, त्याचे 9,000. मीटर समोरच्या भिंतीवर आणि पॅनल मागच्या स्लॅबवर, त्यामुळे कोटेशनमधल्या 20 मीटरच्या वर 14 मीटर केबल लागली, 110 रुपये दराने 1,540. ‘वार्षिक देखभाल 3,500’ अशीही ओळ होती. योजनेत पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडेच असते, हे दाखवल्यावर ती कटली. शेवटी पडले 98,540.

सबसिडीला मात्र आमच्याकडूनच उशीर झाला. मीटर वडिलांच्या नावावर, ते वारले, आणि बँक खातं माझं. आधी कनेक्शन माझ्या नावावर करून घेतलं, त्यात महिना गेला. नंतर पाच आठवड्यांत 60,000 जमा झाले.

आठ महिन्यांत 1,690 युनिट तयार झाले, म्हणजे दिवसाला सरासरी सात. कोटेशनमध्ये आठ लिहिले होते. एप्रिल-मे मध्ये साडेआठच्या आसपास, जुलैच्या झडीत साडेचार. कूलर चालू होते त्या महिन्यांत थोडी वीज बाहेरून घ्यावी लागली. मागच्या वर्षीच्या याच महिन्यांशी ताडून पाहिलं तर सुमारे 17,000 वाचले. त्यात उन्हाळा आहे, म्हणून वर्षाचे 22,000 च धरतो. साडेचार वर्षांत पैसे निघतील.

एक गोष्ट कुठल्याच पानावर नव्हती. मे महिन्यात दुपारी दोनला लाइन गेली. वर रणरणतं ऊन, आणि सोलरच्या इन्व्हर्टरचा पडदा काळा. पंखा बंद. “एवढं ऊन असताना कसं काय बंद पडलं रे?” आई विचारत होती. बॅटरी नसलेलं सोलर लाइन गेली की स्वतःहून थांबतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. आमच्याकडे उन्हाळ्यात रोज तास-दोन तास लाइन जाते. म्हणून जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर विकला नाही. आईच्या खोलीतला पंखा आणि एक दिवा अजून त्यावरच आहे.