आधी फ्लोचार्ट की आधी अल्गोरिदम?

डिप्लोमाच्या आणि बारावीच्या कॉम्प्युटरच्या पोरांना सांगलीत शिकवताना परीक्षेच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो: पेपरात स्यूडोकोड छापून दिलाय, त्याचा फ्लोचार्ट काढायचाय आणि थोडक्यात अल्गोरिदमही लिहायचाय, तर सुरुवात कुठून करायची? विश्रामबागेत माझ्या शेजारच्या वर्गात शिकवणारे सर मिरजेहून येतात. ते आधी फ्लोचार्ट काढायला लावतात. मी आधी अल्गोरिदम लिहायला सांगतो. त्यांची पोरंही चांगले मार्क घेतात, त्यामुळे एकच पद्धत खरी असं मी म्हणणार नाही. पण माझा कल कशामुळे ठरला, ते एका उदाहरणावर दाखवतो. कोणत्या चौकोनात काय लिहायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

संख्येतल्या फक्त सम अंकांची बेरीज करायची आहे:

```
INPUT n
sum = 0
WHILE n > 0
    d = n MOD 10
    IF d MOD 2 = 0 THEN
        sum = sum + d
    ENDIF
    n = n DIV 10
ENDWHILE
PRINT sum
```

थेट फ्लोचार्टला हात घातला तर पहिली काही मिनिटं फार छान जातात. स्यूडोकोडची एकेक ओळ वाचायची आणि खाली खाली आकृती काढत जायची. `WHILE` चा डायमंड येतो. त्याचा 'नाही'चा बाण उजवीकडून लांब खाली `PRINT` कडे जातो. लूपची परतीची रेघ डावीकडून वर येणार, म्हणून तिच्यासाठी समास सोडायचा. आतल्या `IF` चा दुसरा डायमंड काढला, 'होय' खाली नेलं, बेरजेचा चौकोन काढला. आता या दुसऱ्या डायमंडचं 'नाही' कुठे न्यायचं?

माझं मत ठरलं ते या एका बाणामुळे. डायमंडच्या डावीकडून परतीची रेघ चाललेली असते आणि उजवीकडून बाहेर पडायची. दोन्ही बोटभर अंतरावर. `ENDIF` साठी फ्लोचार्टमध्ये आकृतीच नसते, ती फक्त दोन बाण मिळतात ती जागा असते. त्यामुळे स्यूडोकोडमधला तो शब्द कागदावर कुठेच उतरत नाही आणि हात जवळच्या रेघेला जोडून मोकळा होतो. वर्ग कुठलाही असो, वह्या तपासताना मला ही चूक इतर सगळ्या चुकांपेक्षा जास्त दिसते.

ती काय करते ते 4126 घालून बघा. आधी 6 येतो, मग 2, बेरीज 8 होते आणि `n` मध्ये 41 उरतो. आता `d` ची किंमत 1, म्हणजे विषम. 'नाही' डावीकडच्या परतीच्या रेघेला जोडलं असेल, तर `n = n DIV 10` चुकतं, `n` 41 च राहतो आणि लूप कधीच संपत नाही. उजवीकडच्या रेघेला जोडलं असेल, तर लूप तिथेच सुटतो आणि 8 छापला जातो. बरोबर उत्तर 12 आहे. अवघड गोष्ट अशी की 4826 घालून तपासलं तर दोन्ही चुकीचे फ्लोचार्ट 20 हे बरोबर उत्तर देतात, कारण त्यात विषम अंकच नाही आणि तो बाण वापरलाच जात नाही. म्हणून ड्राय रनला नेहमी असा आकडा घ्यावा, जो प्रत्येक डायमंडच्या दोन्ही वाटांनी जाईल.

आता तेच आधी अल्गोरिदम लिहून करू. मी पोरांना एकच शिस्त लावतो: एका ओळीत एकच काम, आणि अट लिहिताना 'नसेल तर कुठे' हे लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

```
1  सुरू
2  n घ्या
3  sum = 0
4  n > 0 नसेल तर 10 वर जा
5  d = n MOD 10
6  d MOD 2 = 0 नसेल तर 8 वर जा
7  sum = sum + d
8  n = n DIV 10
9  4 वर जा
10 sum छापा
11 थांबा
```

इथे सहाव्या ओळीवर थांबावंच लागतं. 'नसेल तर' लिहिलं की पुढे नंबर हवा, आणि नंबर हवा म्हणजे स्यूडोकोडमध्ये `ENDIF` नंतर काय आहे ते बघायलाच लागतं. तिथे `n = n DIV 10` आहे, म्हणून 8. कागदावर रेघ जवळ आहे की लांब, याचा इथे काही संबंध नाही. नंतर फ्लोचार्ट काढणं म्हणजे उतरवून घेणं. नववी ओळ सोडून प्रत्येक ओळीची एक आकृती, अशा दहा आकृत्या होतात. नववीला आकृती नाही, ती निव्वळ परतीचा बाण आहे. आठव्या चौकोनात दोन बाण शिरलेले दिसले पाहिजेत, एक सातव्याकडून आणि एक सहाव्याकडून. चौथ्या डायमंडमध्येही दोन. एवढं बघितलं की फ्लोचार्ट तपासून झाला.

या पद्धतीला त्रास नाही असं नाही. मध्येच `sum = 0` राहिल्याचं लक्षात आलं तर खालचे सगळे नंबर एकाने सरकतात आणि 'जा'च्या पुढचे आकडे खोटे पडतात. शेजारचे सर नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवतात, आणि ते बरोबर आहे. त्यावर माझा उपाय असा: 'जा'च्या पुढची जागा कोरी ठेवायची, समोर बारीक पेन्सिलीने 'छापण्यावर' किंवा 'भागाकारावर' एवढंच लिहायचं आणि सगळ्या ओळी झाल्यावर नंबर भरायचे.

आणि एका प्रकारात मी स्वतःही त्यांच्यासारखंच करतो. तीन संख्यांतली मोठी शोधा, अशा गणितात `IF` च्या आत `IF` असतात पण लूप नसतो. वाटा फुटत खाली जातात, वर कुणी परतत नाही. तिथे फ्लोचार्ट आधी काढलेला बरा. सगळ्या शाखा एका नजरेत दिसतात, आणि अल्गोरिदम आधी लिहायला गेलं तर उगाच 'जा'ची गर्दी होते.

`FOR` असेल तर मात्र मी अल्गोरिदमच आधी घेतो, अगदी साध्या गणितालाही. `FOR i = 1 TO n` या एका ओळीत तीन कामं लपलेली असतात. `i = 1` लूपच्या वर, `i <= n` ही अट डायमंडमध्ये आणि `i = i + 1` अगदी शेवटी, परत जाण्याच्या आधी. थेट आकृती काढणारी बरीच पोरं परतीचा बाण `i = 1` च्या चौकोनात नेऊन सोडतात, म्हणजे `i` पुन्हा पुन्हा 1 होत राहतो. ओळी लिहिल्या की परत जायचं ते अटीच्या नंबरवर, हे आपोआप दिसतं.

थोडक्यात अल्गोरिदम मागितला असेल तर पक्क्या उत्तरात सहावी-सातवी ओळ एकत्र करून 'd सम असेल तर sum मध्ये मिळवा' असं लिहायला माझी हरकत नाही. फक्त ते शेवटी, फ्लोचार्ट काढून झाल्यावर करा. नंबर परत बसवायला विसरू नका: ओळी दहा होतील, आणि चौथ्या ओळीत 10 च्या जागी 9 येईल.