पार्किंगच्या दिव्यांसाठी टंगस्टन संपर्काचा रिले : सात महिन्यांनंतर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये 50 वॅटचे आठ एलईडी फ्लडलाइट आहेत. माणूस दिसला की सेन्सर रिले, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, ओढतो आणि आठही दिवे एकदम लागतात. रात्रीतून साधारण 40 वेळा. एकूण भार 400 वॅट, म्हणजे दोन अँपिअरच्या आत. म्हणून सुरुवातीला बाजारात सर्रास मिळणारा 10 अँपिअरचा निळा रिले लावला. पाचपट मार्जिन आहे, मग काळजी कसली, असं मला मनापासून वाटत होतं.

पाच आठवड्यांनी दिवे सकाळपर्यंत जळत राहिले. सेन्सर ठीक होता, रिलेच्या कॉइलला व्होल्टेज नव्हतं, तरी दिवे चालू. डब्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केली आणि ते विझले. मेन बंद करून, भार सोडवून मल्टिमीटर लावला तेव्हा सगळं ठीक दिसलं, कारण चिकटलेला सांधा टकटकीनेच सुटला होता. ही चाचणी करायची असेल तर आधी डब्याला हात लावू नका. कॉइल बंद असताना कॉमन आणि एनओ, म्हणजे एरवी उघडं राहणारं टोक, यांच्यात बीप आली, तर संपर्क चिकटलेलेच आहेत.

रिले फोडून पाहिला. एका संपर्कावर खड्डा, दुसऱ्यावर बरोबर तेवढाच उंचवटा. मग 16 अँपिअरचा साधा रिले लावला. तो अडीच महिने टिकला आणि तसाच चिकटला. तेव्हा कुठे पटलं की मी चुकीचा आकडा वाचत होतो.

रिलेवर छापलेले 10 किंवा 16 अँपिअर हे रेझिस्टिव्ह भारासाठी असतात, म्हणजे हीटरसारख्या, ज्यात पहिल्या क्षणाचा आणि नंतरचा करंट जवळपास सारखाच असतो. एलईडी ड्रायव्हरच्या आत रेक्टिफायर आणि रिकामा कपॅसिटर असतो. 230 व्होल्टच्या लाटेचं शिखर 325 व्होल्टला असतं. त्या क्षणी स्विच जोडला गेला, तर कपॅसिटर भरेपर्यंत तो जवळपास शॉर्टसारखा वागतो. आमच्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात 30 अँपिअर, 150 मायक्रोसेकंद असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आठ ड्रायव्हर समांतर, म्हणजे 240 अँपिअर. वायरच्या रोधामुळे प्रत्यक्षात थोडा कमी, पण दोन अँपिअरशी त्याचा काही संबंध नाही.

एवढा करंट नुसता वाहिल्याने संपर्क चिकटत नाहीत. खरं कारण आहे उसळी. रिले जोडला जाताना संपर्क आपटून काही मिलिसेकंद वरखाली उडतात. नेमक्या त्या वेळात मोठा करंट असला, तर प्रत्येक उडीत ठिणगी पडते, चांदीच्या मिश्रधातूचा पृष्ठभाग वितळतो आणि संपर्क त्या वितळलेल्या थेंबावर येऊन बसतो. थेंब थिजला की सांधा तयार. स्प्रिंगला तो तुटला तर रिले वाचला, नाही तुटला तर दिवे चालूच. स्विच लाटेच्या कोणत्या बिंदूवर पडतो हे नशिबावर असल्यामुळे बिघाडही लहरी वाटतो. संपर्कावर लावलेला स्नबर, म्हणजे ठिणगी शमवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, इथे उपयोगी नाही. तो स्विच उघडतानाच्या ठिणगीसाठी असतो, आणि आमची अडचण जोडतानाची आहे.

आता लावलेल्या रिलेमध्ये मुख्य संपर्काच्या आधी टंगस्टनचा एक संपर्क जुळतो. टंगस्टन 3400 अंशांच्या आसपास वितळतं, चांदी 962 ला. त्यामुळे करंटच्या लोंढ्याचा पहिला मार टंगस्टन सोसतं आणि नंतर चांदीचा संपर्क नेहमीचा करंट वाहतो. पत्रकात 200 मायक्रोसेकंदांसाठी 800 अँपिअर दिलेले आहेत. आमच्या 240 ला हे तिप्पट मार्जिन, आणि मुख्य म्हणजे योग्य आकड्याशी योग्य आकड्याची तुलना. सात महिन्यांत अंदाजे 8,400 वेळा चालू-बंद झाला, एकदाही चिकटला नाही. किंमत जास्त आहे आणि आवाजही मोठा आहे. जिन्याजवळच्या घरात तो ऐकू येतो, एवढी एक तक्रार आहे.

पत्रकात इनरशचा, म्हणजे जोडतानाच्या या लोंढ्याचा, आकडाच नसेल तर टीव्ही रेटिंग शोधा; त्यात हा लोंढा धरलेला असतो. टीव्ही-8 म्हणजे 8 अँपिअरचा भार आणि जोडताना 117 अँपिअरचं शिखर. आमच्या आठ दिव्यांना तेही कमी पडलं असतं. तेव्हा दिवे दोन-तीन रिलेंवर वाटून, थोड्या अंतराने लावावे लागले असते.

पाण्याच्या पंपाला मात्र हा रिले मी लावलेला नाही. एक एचपीची मोटर चालताना सहा अँपिअर घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट, आणि तेही मायक्रोसेकंद नव्हे, अर्धा सेकंदभर. 200 मायक्रोसेकंदांचा आकडा तिथे काहीच सांगत नाही. तिथे एसी-3 या मोटरसाठीच्या वर्गात 9 अँपिअरचा काँटॅक्टर आहे, आणि छोटा रिले फक्त त्याची कॉइल चालवतो. स्नबर लागला तो तिथे, त्या कॉइलवर.